२०० ची वेळ हळू आली की सीएसएस फुगतो

प्रश्न: मी ४२ वर्षांचा, नागपूरला ५० मीटरच्या टँकवर सकाळच्या बॅचला पोहतो. डिसेंबरमध्ये मालवणला समुद्रात ३ किलोमीटर करायचं आहे. मागच्या आठवड्यात ४०० मीटर ८:२० मध्ये गेलं (प्रत्येक शंभर १:५४, २:०६, २:११, २:०९). तीन-चार मिनिटं थांबून २०० मारलं, ते ४:०६. त्यावरून सीएसएस, म्हणजे क्रिटिकल स्विम स्पीड, लांबवर दम धरून टिकवता येणारा वेग, शंभराला २:०७ निघाला. पण २:०७ ने १० × १०० करायला गेलो, मध्ये १५ सेकंद रेस्ट, तर सातव्यानंतर हातच चालून नाही राहिले. चूक माझी की सूत्राची?

सूत्र बरोबर आहे, वजाबाकीही बरोबर आहे. चुकलं ते २००. आणि ते चुकलंय हे तुमच्याच आकड्यांत लिहिलेलं आहे.

४०० मधले पहिले दोन शंभर बघा. १:५४ आणि २:०६, म्हणजे ४०० पोहताना पहिले २०० मीटर तुम्ही ४:०० मध्ये पार केले. नंतर फक्त २०० च मारायचं होतं, पुढे काही राखून ठेवायचं नव्हतं, तरी ४:०६ लागले. चारशेच्या पोटातलं दोनशे हे सुट्या दोनशेपेक्षा सहा सेकंदांनी जलद कसं असेल? तुम्ही ते दमलेल्या अंगाने मारलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता गंमत अशी की २०० हळू गेलं तर सीएसएसही हळूच यायला हवा, असं कुणालाही वाटतं. होतं उलटं. २०० जितकं रडतखडत जाईल, तितका सीएसएस जलद दिसतो. टँकवर मी वीसेक वर्षं शिकवते आहे आणि या टेस्टमधली सगळ्यांत जास्त वेळा बघितलेली चूक हीच. माणूस टेस्ट बिघडवतो, आकडा मात्र त्याची पाठ थोपटतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पुढचे चार आठवडे सेट कोसळत राहतात आणि लोक स्वतःच्या फिटनेसला दोष देतात.

सूत्र एवढंच आहे, वेळ सेकंदांत:

```
speed (m/s)     = (400 - 200) / (T400 - T200)
pace/100 m (s)  = (T400 - T200) / 2
```

तुमचे ५०० सेकंद वजा २४६ सेकंद, २५४ सेकंद. त्याचे निम्मे १२७, म्हणजे २:०७. खालच्या ओळीकडे नीट बघा. ४०० च्या वेळेतून २०० ची वेळ काढून टाकली की उरतो तो जादाच्या २०० मीटरचा वेळ. पहिल्या दोनशेत माणूस ताजा असतो, अंगात जो काही दारूगोळा आहे तो उडवून टाकतो. तो खर्च दोन्ही टेस्टमध्ये सारखाच होतो असं सूत्र धरून चालतं, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो आणि मागे राहतो तो दम धरून चालणारा वेग. कल्पना जुनी आहे. मोनो आणि शेरर या दोघांनी १९६५ मध्ये ती स्नायूंच्या कामासाठी मांडली, आणि जपानच्या वाकायोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ती पोहण्याला लावून दाखवली.

पण ‘दोन्हीकडे सारखाच खर्च’ या गृहीतकावर सगळा डोलारा उभा आहे. दोन्ही वेळा तुम्ही पूर्ण ताजे आणि दोन्ही वेळा पूर्ण जोर लावलेला, हे झालं तरच वजाबाकीला अर्थ. तुम्ही २०० ला उरलंसुरलं वापरलंत, म्हणून T200 फुगला, फरक आक्रसला आणि पेस जलद निघाला. कोणत्याही एका टेस्टमधल्या एका सेकंदाची चूक शंभरामागे अर्ध्या सेकंदाची होते. दहा सेकंद इकडे-तिकडे झाले तर पाच सेकंद. आणि सीएसएसच्या सेटमध्ये शंभराला पाच सेकंद म्हणजे आरामात पोहणं आणि बुडणं यांतलं अंतर.

हे कागदाशिवाय ओळखायची एक युक्ती सांगते. २०० चा शंभरामागचा पेस काढा, मग ४०० चा. दोन्हींत जितका फरक, तितकाच फरक ४०० च्या पुढे आणखी टाकला की सीएसएस येतो. पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात, गणित करून बघा, नेहमी जुळेल. तुमचं २०० पडलं २:०३ ने, ४०० पडलं २:०५ ने, पायरी दोन सेकंदांची, म्हणून सीएसएस २:०७. दोन सेकंदांची पायरी बघूनच मी म्हणेन की काहीतरी गडबड आहे. आठ मिनिटांच्या जोरापेक्षा चार मिनिटांच्या जोरात माणूस शंभराला फक्त दोन सेकंद जलद? तुमच्या वेगाच्या, चाळिशीच्या आसपासच्या लोकांत मला ही पायरी बहुतेक चार ते आठ सेकंदांची दिसते. दोन-तीनच्या आत आली तर २०० वर संशय घ्या. दहाच्या पुढे गेली तर ४०० वर.

तुम्ही ताजे असताना २०० काय जाईल? ४०० च्या पोटात ४:०० होतं, आणि तेही १:५४ ने उधळून मग २:०६ वर येऊन. नीट मारलंत तर ३:५६ च्या आसपास जायला हरकत नाही. ४०० सुद्धा तुम्ही पहिल्या शंभरात उधळलंत. ते २:०२, २:०५, २:०६, २:०५ असं गेलं असतं तर ८:१८ झालं असतं, फार फायदा नाही, पण शेवट एवढा जड गेला नसता. हे दोन अंदाज धरू. ४९८ वजा २३६ म्हणजे २६२, निम्मे १३१. सीएसएस २:११. पायरीने तपासा: २०० चा पेस १:५८, ४०० चा २:०४.५, पायरी साडेसहा सेकंदांची, २:०४.५ मध्ये साडेसहा मिळवले की २:११. जुळलं.

अंदाज कशाला, असं वाटत असेल तर तुमचाच पोटातला ४:०० घ्या. ५०० वजा २४० म्हणजे २६०, पेस २:१०. कसंही धरा, २:०७ पर्यंत पोचता येत नाही.

आता तुमचा सातवा शंभर. तो सातव्यालाच का फुटला, याचा हिशोब मला फार आवडला, म्हणून जरा थांबून मांडते.

त्याच दोन टेस्टमधून दुसरा एक आकडा निघतो, पण सहसा कुणी तो काढत नाही. सीएसएसचा वेग कितीही वेळ धरता येतो असं क्षणभर समजा. तुमचा वेग, २:११ धरला तर, सेकंदाला ०.७६३ मीटर. या वेगाने २३६ सेकंदांत माणूस १८० मीटर जाईल. पण तुम्ही तेवढ्यात २०० गेलात (आपण धरलेल्या आकड्यांत). वरचे २० मीटर कुठून आले? ४०० लाही तेच: ४९८ सेकंदांत ३८० मीटर, वरचे पुन्हा २०. हा तुमचा साठा. घरात राखून ठेवलेल्या पैशासारखा आहे: पगाराइतकाच खर्च केला तर हात लावावा लागत नाही, त्यापेक्षा जास्त केला की यातून जातो, आणि संपला की संपला.

२:०७ ने शंभर पोहताना काय होतं बघा. १२७ सेकंदांत तुमचा खरा दमाचा वेग तुम्हाला ९७ मीटर नेतो. उरलेले तीन मीटर साठ्यातून. प्रत्येक शंभराला तीन मीटर. वीस मीटरच्या साठ्यातले १८ सहा शंभरांत खर्च होतात, सातव्यात तो संपतो. तुम्ही लिहिलंय सातव्यानंतर हात चालत नव्हते. हिशोब ठोकळ आहे. पंधरा सेकंदांच्या रेस्टमध्ये साठा थोडाफार भरतो, दुसरीकडे दोन टेस्टवरून काढलेला सीएसएस स्वतः किंचित जलद असतो, त्यावर पुढे बोलते. पण तुमचा सेट कुठे फुटणार हे कागदावर आधी सांगता आलं असतं, एवढं नक्की.

आणि तुमच्या मूळ आकड्यांनी हाच साठा काढला तर तो येतो जेमतेम सहा मीटर. सहा मीटर तर भिंतीला नीट पाय मारला की माणूस नुसता घसरत जातो. माझ्याकडच्या मोठ्या माणसांत साठा १२ ते २५ मीटरच्या आसपास निघतो. सहा आला की मी टेस्ट रद्द धरते.

उलटी चूकही होते, तीही एकदा बघून घ्या म्हणजे पायरीची युक्ती पक्की बसेल. माझ्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा होता, ५० आणि १०० मीटरवाला, आडदांड. त्याने २०० मारलं २:५० मध्ये आणि ४०० मारलं ६:३०. फरक २२० सेकंद, सीएसएस १:५०. पायऱ्या बघा: १:२५, १:३७.५, १:५०. साडेबारा सेकंदांची पायरी. साठा काढला तर ४५ मीटर. १:५० ने त्याला सेट दिला तेव्हा पोरगं भिंतीला टेकून बाजूच्या लेनवाल्याशी गप्पा मारत होतं. त्याने ४०० चे पहिले दीडशे मीटर शर्यत समजून मारले होते आणि उरलेले अडीचशे मीटर फक्त टिकून राहिला होता. दहा दिवसांनी मी काठावर उभं राहून प्रत्येक पन्नासला ओरडत ४०० करून घेतलं, ६:०६ आलं. सीएसएस १:३८. बारा सेकंदांचा फरक, आणि पोरगं तेच.

म्हणून टेस्ट नीट कशी घ्यायची, ते तुमच्या परिस्थितीत सांगते. तुमची मूळ अडचण मला दिसते ती बॅचची. तासाभराची बॅच, त्यातली दहा मिनिटं शॉवर आणि टोपी-चष्म्यात, मग वॉर्मअप, मग ४००, आणि शिट्टी वाजायच्या आत २०० उरकायचं. तीन-चार मिनिटांचा रेस्ट तिथून आला. एका बॅचमध्ये दोन्ही कोंबू नका. मंगळवारी ४००, गुरुवारी २००, मधल्या बुधवारी हलकं पोहा किंवा येऊच नका. एकाच दिवशी करायचंच असेल तर आधी ४००, मग किमान बारा-पंधरा मिनिटं, त्यात दोन-अडीचशे मीटर अगदी सावकाश, आणि श्वास पूर्ण जागेवर आल्यावर २००. चाळिशीनंतर मी दोन दिवसच सांगते.

दोन्ही दिवशी वॉर्मअप तोच: ४०० सावकाश, मग ४ × ५०, प्रत्येक पन्नास आधीच्यापेक्षा थोडं जलद, शेवटचं जवळजवळ टेस्टच्या वेगाने. मग दोन-तीन मिनिटं थांबा. थंड अंगाने ४०० सुरू केलं की पहिलं शंभर जड जातं आणि लोक घाबरून दुसरं शंभर मारत सुटतात.

सुरुवात पाण्यातून, भिंतीला पाय लावून. डाइव्ह नको. गणित म्हणून बघायला गेलं तर दोन्हींना डाइव्ह मारली तर बिघडत नाही, कारण वाचलेला सेकंद-दीड सेकंद दोन्हीकडे सारखा आणि वजाबाकीत उडून जातो. पण एकाला डाइव्ह आणि एकाला पुश असं झालं की तो सेकंद थेट हिशोबात घुसतो. शिवाय सेटमध्ये तुम्ही रोज पुशनेच सुटणार आहात.

४०० ला पहिलं शंभर तुम्हाला ‘हे फारच सोपं जातंय’ असं वाटलं पाहिजे. तुमच्यासाठी पहिलं पन्नास साठ सेकंदांच्या आत आलं तर समजा उधळलात. मित्राला घड्याळ देऊन काठावर उभं करा, त्याला प्रत्येक शंभराची वेळ लिहायला सांगा. हातातल्या घड्याळावर विसंबू नका. ती घड्याळं हाताच्या हालचालीवरून वळण ओळखतात, कुणी लेनमध्ये आडवं आलं, तुम्ही क्षणभर थबकलात, की एक लॅप जास्तीचा मोजला जातो. २०० ला मात्र राखून पोहायचं नाही. पहिल्या शंभरात दम लागायला हवा, तिसऱ्या पन्नासात पश्चात्ताप व्हायला हवा, आणि संपल्यावर दोर धरून निदान मिनिटभर बोलता येऊ नये. संपल्या संपल्या तुम्ही शेजाऱ्याला ‘किती आलं?’ विचारू शकलात, तर २०० झालंच नाही असं समजा.

वेळ आणि पाणी सांभाळा. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या टँकचं पाणी सकाळीही कोमट असतं. स्पर्धेच्या तलावाला २५ ते २८ अंश पाणी लागतं. आपलं त्या दिवसांत त्यापेक्षा बरंच तापलेलं असतं, आणि अशा पाण्यात ४०० हे २०० पेक्षा जास्त मार खातं. मग पायरी रुंद होते आणि सीएसएस हळू दिसतो. मे मधला आकडा आणि नोव्हेंबरमधला आकडा शेजारी ठेवून ‘मी सुधारलो’ म्हणणं खरं नाही. त्यात एप्रिल-मे ला उन्हाळी वर्गाची पोरं लेनमध्ये घुसतात ते वेगळंच. पहिली बॅच पकडा.

तलावाची लांबी एकदा टेपने मोजा. हे मी हसण्यावारी नेत होते. मग एका सोसायटीच्या टँकवर शिकवायला गेले, पाटीवर २५ मीटर लिहिलेलं. सगळ्यांचे सीएसएस इतके छान येत होते की मला माझ्याच शिकवण्याचा अभिमान वाटायला लागला. शेवटी टेप लावली, तर साडेतेवीस. आठ लॅप म्हणजे २०० नव्हे, १८८ मीटर. खरा पेस २:११ असणाऱ्याला तिथे २:०३ दिसत होता. ५० मीटरच्या टँकवरचा आकडा २५ च्या टँकवर वापरतानाही हेच भान ठेवा. वजाबाकीत उरणाऱ्या २०० मीटरमध्ये ५० च्या टँकवर चार भिंती येतात, २५ च्या टँकवर आठ. भिंती जास्त म्हणजे पुश जास्त, पेस जलद. जिथे सराव, तिथेच टेस्ट.

आणि एक बारीक सापळा, ज्यात तुम्ही नशिबाने पडला नाहीत. बरेच जण ८:२० मधून ४:०६ वजा करताना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ८.२० वजा ४.०६ करतात. ४.१४ येतं, निम्मं २.०७. उत्तर बरोबर! कारण इथे हातचा घ्यावा लागत नाही. पुढच्या वेळी ८:१८ आणि ३:५६ आले की तोच कॅल्क्युलेटर ८.१८ वजा ३.५६ म्हणजे ४.६२, निम्मं २.३१ देईल, आणि तुम्हाला वाटेल महिनाभरात आपण शंभराला २४ सेकंद हळू झालो. आधी सगळं सेकंदांत करा, निम्मं करा, मग मिनिटांत आणा.

आता २:११ चं करायचं काय. नवीन टेस्ट होईपर्यंत हाच धरा. तुमच्या टँकवर त्याचा अर्थ प्रत्येक पन्नास ६५ आणि ६६ सेकंदांच्या मध्ये. शंभराची वेळ जुळली पण पन्नास ६१ आणि ७० असे गेले, तर तो सीएसएसचा सेट नाही, तो दहा वेळा उधळून दहा वेळा पस्तावणं आहे.

पहिला सेट तोच ठेवा जो फुटला होता, १० × १००, २:११ ने, १५ सेकंद रेस्ट. सुटायची वेळ २:२६ अशी अडनिडी येते. काठावरच्या मोठ्या घड्याळावर २:२५ किंवा २:३० ने सुटणं सोपं, पहिल्या आठवड्यात २:३० घ्या. पहिले तीन तुम्हाला हळू वाटतील, हात शिवशिवतील. जाऊ द्या. सहावा-सातवा मेहनतीचा, नववा-दहावा कठीण, पण वेळ एका सेकंदाच्या आत राहिली पाहिजे. सोबत एका पन्नासात किती हात मारता ते मोजा, दुसऱ्या शंभरात एकदा आणि नवव्यात एकदा. दोन हात वाढले तर ठीक. पाच-सहा वाढले आणि वेळ तीच राहिली, तर तुम्ही दम नव्हे, खांदे वापरून वेळ राखताय. पेस दोन सेकंदांनी सैल करा. दहावं संपल्यावर आणखी चार सहज करता येतील असं वाटलं, तर पेस हळू आहे, बहुतेक ४०० उधळल्यामुळे.

दोन आठवडे हे जमलं की लांबी वाढवा, वेग नाही. ५ × २००, प्रत्येकी ४:२२, २० सेकंद रेस्ट. मग ४ × ४००, इथे शंभराला तीन सेकंद सैल, म्हणजे २:१४ ने ८:५६, अर्धा मिनिट रेस्ट. आठवड्यातून असा एक सेट, फार तर दोन. बाकीचं पोहणं २:२० च्या पलीकडे. रोज २:११ ने पोहणारे लोक मी बघितले आहेत. तिसऱ्या आठवड्यात ते २:११ ने पोहू शकत नाहीत.

लांब सेटला तीन सेकंद सैल का? सीएसएसचा वेग कितीही वेळ टिकतो, हे मी वर क्षणभर समजा म्हटलं होतं. खरं तसं नाही. आपण चार आणि आठ मिनिटांच्या दोन जोरांवरून एक सरळ रेषा ओढतो आणि ती तासाभरापर्यंत लांबवतो. छोट्या अंतरांवरून काढलेला हा वेग, रक्तातलं लॅक्टेट स्थिर राहतं त्या खऱ्या सीमेपेक्षा थोडा जास्तच येतो. दुसरं म्हणजे रेषेवर दोनच बिंदू आहेत. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते, त्यामुळे एक बिंदू चुकीचा असला तरी रेषा कुरकुरत नाही. म्हणून पायरी आणि साठा बघायची सवय लावा, ते तुमचे पहारेकरी. आणि महिन्याभराने एकदा सलग १५०० मीटर पोहून बघा. चांगले क्लब पोहणारे १५०० मीटर साधारण सीएसएसनेच पोहतात, पण त्यांना वीस मिनिटं लागतात. तुम्हाला २:११ ने ३२:४५ लागतील, आणि बत्तीस मिनिटं सीएसएस धरून ठेवणं जड आहे. ३३:३० च्या आसपास आलात तर २:११ खरा आहे. ३५ लागली, तर २०० पुन्हा एकदा मारून बघा, किंवा तुम्ही मुळात छोट्या अंतराचे गडी आहात आणि साठा मोठा आहे.

मालवणसाठी हा आकडा थेट नेऊ नका. तीन किलोमीटर म्हणजे तुमच्यासाठी तासाच्या वरचं काम, तिथे तलावाच्या हिशोबाने २:१६ ते २:१८ चा पेस योग्य, म्हणजे ६८-६९ मिनिटं. पण समुद्रात भिंत नाही, पुश नाही, मान वर काढून बोया शोधावा लागतो. उलट खाऱ्या पाण्यात अंग वर राहतं. त्या दिवशी मनगटावरचा पेस बघण्यात अर्थ नाही. त्यासाठी ऑक्टोबरपासून पंधरा दिवसांतून एकदा ३ × ८०० करा, २:१६ ने, म्हणजे प्रत्येकी १८:०८, आणि दर चौथ्या लॅपला दोनदा डोकं वर काढून समोर बघा. तो जोर अंगाला ओळखीचा झाला पाहिजे: श्वास एका लयीत, पाय शांत, खांद्यात जळजळ नाही. समुद्रात पहिली दहा मिनिटं यापेक्षा जास्त जोर लागला, तर तुम्ही गर्दीबरोबर धावताय आणि तुमचे वीस मीटर तिथेच संपणार.

तेव्हा या मंगळवारी ४००, गुरुवारी २००. चारही शंभर आणि दोनशेचे चारही पन्नास लिहून ठेवा. पायरी चार ते आठ सेकंदांत आली तर तोच पेस सहा-आठ आठवडे वापरा. नाही आली तर आकडे मला पाठवा, कोणता खोटं बोलतोय ते बघू.